पुरणपोळी, तूप आणि चौथी मात्रा

मी बालवाडीत शिकवते, वर्गात २२ मुलं आहेत. मी टाळ्या वाजवते, मग मुलांनी तसंच वाजवायचं, असा खेळ घेते. पण अर्धी मुलं माझ्याबरोबरच वाजवायला लागतात आणि दोन मिनिटांत सगळं इतकं पळत सुटतं की मलाच आवरत नाही. काय चुकतंय?
– बालवाडी शिक्षिका, सातारा जिल्हा

ताई, या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे. तुमचा भाग कुठे संपला, हे मुलांना ऐकूच येत नाही. आपण मोठी माणसं मनातल्या मनात चार मात्रा मोजतो आणि पाचवीला समोरच्याला वाट देतो. साडेचार वर्षांच्या मुलाकडे ही मोजणी नसते. टाळी ऐकू आली की वाजवायचं, एवढंच त्याला कळतं. मग आपण मध्येच थांबून ‘हं, आता तुम्ही’ म्हणतो आणि तिथे लय तुटते. पुढची प्रत्येक टाळी नव्याने सुरू होते.

शेवट ऐकू येईल आणि दिसेल अशी रचना आधी घ्या. उदाहरणार्थ ‘पुरणपोळी तूप’. ‘पुरण’ ही पहिली मात्रा, त्यात पु आणि रण अशा दोन टाळ्या. ‘पोळी’ ही दुसरी, तिच्याही दोन. ‘तूप’ ही तिसरी, एकच टाळी. चौथी मात्रा रिकामी. या रिकाम्या मात्रेवर दोन्ही तळवे मुलांकडे उघडायचे, ताटात वाढल्यासारखे. ही ‘वाढण्याची’ खूणच तुमच्या ‘आता तुम्ही’चं काम करते, तीही लयीतच. पुढच्या मात्रेला मुलांची ‘पुरण’ सुरू झाली पाहिजे, मध्ये एका श्वासाचीही फट नको. मुलं वाजवत असताना तुम्ही टाळी वाजवू नका. फक्त पाय जमिनीवर हलका टेकवत राहा, म्हणजे मात्रा दिसत राहते.

आता पळण्याबद्दल. मुलं टाळ्यांवर पळत नाहीत, रिकाम्या जागेत पळतात. चौथ्या मात्रेवर काहीच वाजत नाही, म्हणजे ती मात्रा नाहीच असं मुलाला वाटतं आणि ते ती गिळून पुढे जातं. साडेतीन मात्रांची चार-पाच आवर्तनं झाली की वर्ग धावायला लागतो, आणि आपणही नकळत त्यांच्यामागे धावतो. म्हणून रिकामी मात्रा रिकामी ठेवायची नाही, तिला आवाज नसलेलं काम द्यायचं. मुलांनी त्या मात्रेला दोन्ही हात खांद्यांना लावायचे. हात खांद्यापर्यंत जाऊन परत यायला जो वेळ लागतो, तोच तिथे हवा असतो.

टाळीची पद्धतही एकदा बघून घ्या. बरीच मुलं हात कानांपर्यंत फाकवून टाळी वाजवतात. ‘पुरण’च्या दोन टाळ्या अशा हातांनी वेळेत बसतच नाहीत. डावा तळवा पोटासमोर स्थिर ठेवून उजव्याने त्यावर मारायला सांगा.

पहिल्या आठवड्याचा क्रम असा ठेवा. पहिले दोन दिवस फक्त ‘भात, भात, भात’ आणि चौथ्याला खांदे. मग ‘पुरणपोळी तूप’, खांदे. पाचव्या दिवशी ‘भात भात वरण भात’. यात रिकामी मात्रा नाही, ‘वरण’च्या दोन टाळ्या तिसऱ्या मात्रेत येतात. म्हणून ही रचना सगळ्यांत अवघड आणि म्हणून शेवटी. प्रत्येक रचना लागोपाठ चार वेळा घ्या, मगच बदला. एका बैठकीला तीनपेक्षा जास्त रचना नकोत आणि सगळा खेळ पाच-सहा मिनिटांत आटपा. शब्द जमले की ते कुजबुजून घ्यायचे, मग नुसते ओठ हलवायचे, शेवटी फक्त हात. शब्द काढल्यावर रचना कोसळली, तर ती हातात अजून गेलेली नाही असं समजा आणि एक पायरी मागे या.

कुठे चुकतंय हे कानांनी ओळखता येतं. डोळे मिटून मुलांची टाळी ऐका. पहिलीच टाळी पसरट येत असेल, पावसाच्या थेंबांसारखी, तर तुमची खूण त्यांना पोचत नाही. पहिली एकसंध पण शेवटची पसरट असेल, तर रचना त्यांच्यासाठी लांब झाली आहे. सगळ्याच टाळ्या पसरट असतील, तर लय त्यांच्या अंगाला बसत नाही, आणि बहुतेक वेळा ती फार संथ असते. ते का, हे पुढच्या उत्तरात.

मुलगा चार वर्षांचा आहे. मोबाइलवर मेट्रोनोम लावून ६० च्या वेगाने टाळी वाजवायला बसवते, कारण सावकाश सोपं पडेल असं वाटलं. एकही टाळी जागेवर पडत नाही. त्याला तालाचं अंगच नाही का?
– आई, ठाणे

साठचा वेग बाजूला ठेवा, मग मुलाबद्दल बोलू. ही चूक मी स्वतः पहिली दोन वर्षं केली आहे. तबल्याच्या शिकवणीत ‘आधी विलंबित’ हे अंगात इतकं मुरलेलं होतं की बालवर्गातही मी संथच वाजवत बसायचे आणि मुलं टोळधाडीसारखी पुढे निघून जायची.

संथ लय लहान मुलाला अवघड जाते. दोन टाळ्यांमधला एक सेकंद मनात धरून ठेवणं ही मोठ्यांची करामत आहे. मुलाला स्वतःच्या मनाने वाजवू दिलं, तर ते आपल्यापेक्षा बरंच जलद वाजवतं. तुमच्या मुलाची लय मोजून बघा. त्याला मांडीवर घेऊन सांगा, ‘तुला हवं तसं मांडीवर थापट’. टाळीपेक्षा मांडी बरी, कारण दोन्ही हात एकदम खाली पडतात आणि हात हाताला शोधत बसत नाही. १५ सेकंद मोजा आणि चाराने गुणा. समजा ३४ थापा आल्या, तर त्याची लय मिनिटाला १३६ ची झाली. आता तुम्ही त्या लयीत थापटा. आधी तुम्ही त्याच्याबरोबर जायचं. आठ-दहा दिवसांनी तुमची थाप किंचित सावकाश करा, १२५ च्या आसपास, आणि तो मागे येतो का बघा. १००च्या खाली जायची सध्या घाई नको.

मेट्रोनोमही बंद करा. जर्मनीत लायप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला. कधी सोबत माणूस वाजवत होता, कधी यंत्र, कधी नुसता स्पीकरमधून आवाज येत होता. मुलं माणसाबरोबर सगळ्यांत जास्त जुळवून वाजवत होती. समोरच्याचा हात खाली येताना दिसतो, त्यामुळे थाप कधी पडणार हे मुलाला आधीच कळतं. मेट्रोनोमची टिक वाजून गेल्यावरच कळते, आणि मुलगा टाळी वाजवेपर्यंत ती जागा गेलेली असते.

तालाचं अंग आहे की नाही, हे चौथ्या वर्षी ठरवू नका.

चुटकी कोणालाच वाजत नाही. सोडून देऊ का?
– संगीत शिक्षक, नाशिक

सोडून द्या. कार्ल ऑर्फ आणि गुनिल्ड केटमान यांच्या पद्धतीत शरीराचे चार आवाज खालून वर लावतात: पाय, मांडी, टाळी, चुटकी. जर्मनीत १९४८ साली बव्हेरियन रेडिओवरच्या कार्यक्रमांतून त्यांचं हे मुलांसाठीचं काम पसरलं. या उतरंडीत चुटकी सगळ्यांत वर आहे आणि बोटांना सगळ्यांत उशिरा जमते. बहुतेक मुलांना सहा-सात वर्षांपर्यंत ती नीट वाजत नाही. तिच्या जागी जिभेचा ‘टॉक’ घ्या, किंवा तर्जनीने तळव्यावर टकटक. पायांचा आवाज मात्र बसून घ्या. उभं राहून पाय आपटताना या वयाची मुलं तोल सावरण्यातच गुंततात.

पहिली-दुसरीच्या मुलांना टाळ्यांमधून दादरा शिकवता येईल का? आणि तीनताल?
– जिल्हा परिषद शाळा शिक्षक, कोल्हापूर जिल्हा

गुरुजी, तीनताल राहू द्या. सोळा मात्रांचं आवर्तन कुठे संपलं, हे या वयात कानाला धरून ठेवता येत नाही. मुलं चार-चार मात्रांचे तुकडे वाजवतात आणि आपण त्याला तीनताल म्हणतो.

दादरा मात्र जमतो. धा धिं ना, धा तिं ना. सहा मात्रा, पहिलीवर सम, चौथीवर खाली. शरीरावर तो असा बसवा: मांडी, टाळी, टाळी, मग हात हवेत उघडा, टाळी, टाळी. तळवे उघडण्याची ही खूण खालीची आहे, तुमच्या मुलांनी ती भजनाला ताल धरणाऱ्यांच्या हातात पाहिलेली असणार. शब्द हवे असतील तर ‘बटाटा, टोमॅटो’.

यात एक अडचण हमखास येते. चारच्या रचना पक्क्या झालेली मुलं तीनच्या तुकड्यातही चौथी मात्रा घुसडतात: मांडी, टाळी, टाळी, (थांबा), मांडी, टाळी, टाळी, (थांबा). दादऱ्याचा केरवा होतो, आणि बिचारी मुलं ते अगदी लयीत करतात, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. तेव्हा सावकाश करून समजावू नका, त्याने थांबा आणखी लांबतो. उलट लय वाढवा आणि मुलांना बसल्या बसल्या डुलायला लावा: ‘बटाटा’ला डावीकडे, ‘टोमॅटो’ला उजवीकडे. अंग डावीकडून उजवीकडे जायला लागलं की थांबायला जागाच उरत नाही. आधी दोन दिवस नुसतं डुलणं आणि शब्द घ्या, हात नंतर आणा. त्याच बैठकीत चारची रचना घेऊ नका.

माझी भाची पाच वर्षांची आहे. समोर बसलं की सगळं अचूक वाजवते, पण पाठ केली की गप्प. हे काय आहे?
– मावशी, पणजी

ती डोळ्यांनी वाजवते. तुमचे हात बघून हात हलवते, कान अजून कामाला लागलेले नाहीत. पाच वर्षांच्या मुलीत हे सर्रास दिसतं. एकदम पाठ करू नका. आधी हात टॉवेलखाली धरून मांडीवर वाजवा, चेहरा तिला दिसू द्या. मग दाराआडून वाजवा. रचनाही लहान करा, ‘वरण भात’ एवढीच, दोन मात्रांची. तीन-चार आठवड्यांत फरक पडायला हवा.

नाही पडला, तर एक गोष्ट बघा. मागून, तिचं लक्ष नसताना, हळू आवाजात हाक मारली तर ती वळते का? टीव्हीचा आवाज वाढवून मागते का? सर्दी सतत असते का? यातल्या कशाचंही उत्तर खटकलं, तर टाळ्या थांबवा आणि आधी कान तपासून घ्या. या वयात सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येणं नेहमीचं आहे, आणि अशी मुलं चेहरा वाचण्यात इतकी तरबेज होतात की घरात कोणाला संशयही येत नाही.