एमआरएसएवर क्लॅव्हुलॅनिक आम्ल का चालत नाही?

प्रश्न: अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्हुलॅनिक आम्ल दिले, तरी एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन-प्रतिरोधक स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू, का मरत नाही?

उत्तर: क्लॅव्हुलॅनिक आम्ल बीटा-लॅक्टमेज या विकराला निकामी करते, पण एमआरएसएचा मुख्य बचाव त्या विकरावर अवलंबूनच नाही. बीटा-लॅक्टमेजमधील सेरीन हे अमिनो आम्ल औषधाच्या चौकोनी वलयावर हल्ला करून त्याच्याशी जोडले जाते आणि मग पाण्याचा रेणू तो बंध तोडतो. औषध निरुपयोगी होते, विकर मात्र पुढच्या रेणूसाठी मोकळे राहते. पेशीभित्तिका विणणाऱ्या पेनिसिलिन-बंधक प्रथिनांतही असेच सेरीन असते, परंतु तिथे बंध सुटायला फार वेळ लागत असल्याने प्रथिन अडकून पडते आणि जिवाणू मरतो.

एमआरएसएकडे मेकए जनुकामुळे पीबीपी२ए हे जादा प्रथिन असते. त्याचे सेरीन एका खाचेत इतके आत दडलेले असते की अमॉक्सिसिलिनसारखी बहुतेक बीटा-लॅक्टम औषधे शाबूत असूनही तिथे फार सावकाश जोडली जातात, आणि तोवर भित्तिकेचे काम चालूच राहते. सेफ्टारोलिन हा महत्त्वाचा अपवाद आहे, कारण ते याच प्रथिनावर दुसऱ्या जागी बसून ही खाच उघडते.

प्रयोगशाळेत ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिनच्या चकतीभोवतीचे वाढरहित वर्तुळ २१ मिमी किंवा त्याहून लहान भरले, तर स्टॅफिलोकोकस ऑरियस मेथिसिलिन-प्रतिरोधक धरतात.