बाळंतपणानंतर बाबाचंही मन ढासळतं

प्रश्न: बाळ चार महिन्यांचं आहे. मी माहेराहून आल्यापासून नवरा सारखा चिडतो, बाळाला घेत नाही, रात्री जेटीवर बसून राहतो. सासूबाई म्हणतात, पुरुषांना असं काही होत नसतं. खरंच होत नाही का?

ताई, होतं. बाळंतपणानंतरचं नैराश्य साधारण दहातल्या एका बापाला होतं, आणि सगळ्यात जास्त बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना. मी रत्नागिरीकडे बरीच वर्षं आरोग्यसेवक होतो. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि बायको अडीच-तीन महिन्यांनी बाळ घेऊन सासरी येते. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटी बेचाळिसाव्या दिवशी संपलेल्या असतात, पुढे त्या तीन-तीन महिन्यांनीच येतात. म्हणजे बापाचा कठीण काळ सुरू होतो तेव्हा घरी विचारपूस करायला येणारं फारसं कोणी उरत नाही. आणि आधी येत होते, तेही बाळाची नि बाळंतिणीचीच चौकशी करायचे.

एक खलाशी माझ्याकडे महिन्यात तीनदा आला. कधी पित्त, कधी पाठदुखी. बीपी ठीक होतं, गोळ्यांनी फरक पडत नव्हता. तिसऱ्यांदा मी विचारलं, "बाळ झोपलं की तुला झोप लागते का?" तो म्हणाला, "नाय. पहाटेपर्यंत छपराकडे बघत पडतंय. घरात पाऊल टाकलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं." रडला नाही. पुरुष बहुतेक वेळा रडत नाहीत. ते चिडतात, पितात, कामाला जास्त जुंपून घेतात किंवा घराबाहेर राहतात, म्हणून लोक त्याला स्वभाव समजतात.

जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात त्याच्याकडून नैराश्य ओळखायची एडिनबरा प्रश्नावली भरून घेतली. दहाच प्रश्न आहेत, पण 1987 साली आयांसाठी बनवलेले, त्यात रडण्याबद्दलही विचारलंय. पुरुषांचे गुण त्यात कमी येतात, म्हणून त्यांच्यासाठी धोक्याची रेघ खाली धरतात. नुसत्या गुणांवर निदान होत नाही, डॉक्टर बोलून ठरवतात. त्याला समुपदेशन आणि गोळ्या दोन्ही दिलं. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागले, आणि त्या मधल्या दिवसांतच त्याला औषध सोडावंसं वाटत होतं. डॉक्टरांनी त्याच्या बायकोलाही तपासलं, कारण एकाला असलं की दुसऱ्यालाही असण्याची शक्यता वाढते. तिची झोपही उडालेली निघाली, फक्त तिला कोणी विचारलं नव्हतं.

तुम्ही एवढंच पाहा: हे दोन आठवड्यांहून जास्त, रोज, दिवसाचा बराच वेळ चाललंय का? थकवा असेल तर एक रात्र नीट झोप मिळाली की माणूस थोडा तरी सावरतो, इथे तसं होत नाही. "तुला काय झालंय" असं विचारू नका. झोप, जेवण, कामावरचं लक्ष यांबद्दल विचारा, त्याची उत्तरं तो देईल. तो तयार नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर आधी तुम्हीच बोला, मराठीत बोलता येतं. मात्र मरणाची भाषा निघाली, किंवा बाळाला इजा होईल अशी भीती तो बोलून दाखवू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या, आणि तोवर त्याला जेटीवर एकटं बसू देऊ नका.

आणि ताई, तुमची झोप कशी आहे, तेही कळवा.