कबरा, पट्टेरी, काळटोकी आणि मर्ल

प्रश्न : कुत्र्यांच्या फोटोंखाली मराठीत वर्णन लिहितो आहे. ब्रिंडल, मर्ल, सेबल आणि पायबॉल्ड यांना काय म्हणावे? सगळ्यांना ‘कबरा’ म्हटले तर चालेल का? एका पिल्लाचे अंग राखाडी आहे, त्यावर काळे डाग आहेत, छाती आणि पाय पांढरे आहेत, भुवयांवर तांबूस ठिपके आहेत आणि एक डोळा निळा आहे. त्याला काय म्हणू? आणि रंगावरून कुत्र्याबद्दल काही कळते का?

‘कबरा’ हा अस्सल आणि नेटका शब्द आहे, पण तो एकट्या पायबॉल्डसाठी राखून ठेवावा असे माझे ठाम मत आहे. बाकीच्यांना तो लावला की फरक पुसला जातो, आणि तुमच्या पिल्लाच्या बाबतीत तर नेमका तोच फरक महत्त्वाचा आहे.

पायबॉल्ड म्हणजे पांढऱ्यावर दुसऱ्या रंगाचे मोठे, स्वच्छ कडांचे चट्टे. या इंग्रजी शब्दातला ‘पाय’ हा मॅगपाय नावाचा काळा-पांढरा पक्षी. ‘बॉल्ड’चा जुना अर्थ पांढरा डाग असलेला; इथे त्याचा अर्थ टकला असा नाही. आपल्याकडे कबरा आहेच, आणि घोड्यांसाठी फारसीतून आलेला ‘अबलख’ही आहे. या पांढऱ्यामागचे कारण सोपे आहे. रंग बनवणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याच्या बाजूने निघतात आणि अंगभर पसरतात. त्या पोहोचल्याच नाहीत तर तो भाग पांढरा राहतो. छाती, पंजे आणि शेपटीचे टोक ही प्रवासाची शेवटची ठिकाणे, म्हणून पांढरे बहुधा तिथेच आधी दिसते.

ब्रिंडलला ‘पट्टेरी’ म्हणावे. तांबूस किंवा पिवळसर अंगावर काळसर, तुटक, वेड्यावाकड्या रेघा असतात. वाघाच्या पट्ट्यांइतक्या त्या ठसठशीत नसतात, आणि कधी इतक्या दाट असतात की फोटोत कुत्रा काळाच वाटतो. अशा वेळी उन्हात काढलेला फोटो मागवावा. एक गोष्ट ध्यानात ठेवली तर चूक होत नाही : हे पट्टे फक्त तांबूस भागावर उमटतात. काळ्या कुत्र्याच्या भुवया, गाल आणि पाय तांबूस असतील तर पट्टे तेवढ्याच जागी दिसतात. पट्टेरीपणामागे कोणताही आजार नसतो, आणि तो अनेक जातींत आढळत असल्यामुळे त्यावरून जातही ठरवता येत नाही.

सेबलसाठी मी ‘काळटोकी’ हा शब्द सुचवतो. इथे खूण अंगावर शोधायची नाही, एकेका केसात शोधायची. केस बुडाशी तांबूस किंवा पिवळसर असतो आणि टोकाशी काळा. पट्टेरी कुत्र्यात काळ्या रेघेतले केस काळे आणि शेजारचे तांबूस असतात; काळटोकी कुत्र्यात एकाच केसाला दोन रंग असतात. केस बोटांनी बाजूला करून जवळून फोटो काढला की शंका मिटते. सेबल हे मुळात मौल्यवान फर असलेल्या एका प्राण्याचे नाव, आणि युरोपच्या कुलचिन्हांच्या भाषेत सेबल म्हणजे चक्क काळा रंग. त्यामुळे शब्दकोशातला ‘काळा’ हा अर्थ उचलून सेबल कुत्र्याला काळा म्हणणे चूक ठरेल. शिवाय ही पिल्ले पुष्कळदा गडद जन्मतात आणि वाढताना उजळतात, म्हणून फोटोखाली वय जरूर लिहावे.

आता मर्ल. मराठीत ‘संगमरवरी’ म्हणता येईल, पण त्याने डोळ्यांसमोर पांढरा दगड येतो. मी ‘मर्ल’च ठेवतो. मर्लमध्ये काळा रंग जागोजागी फिका पडून राखाडी होतो आणि मधूनमधून मूळ काळ्याचे तुकडे शिल्लक राहतात. तपकिरी कुत्र्यात हेच फिक्या आणि गडद तपकिरीत दिसते. कबऱ्याशी घोटाळा होतो तो इथेच. कबऱ्यात चट्ट्याभोवती रंगाचा अभाव असतो, म्हणजे पांढरे. मर्लमध्ये चट्ट्याभोवती तोच रंग फिका होऊन उरलेला असतो. शिवाय मर्लच्या चट्ट्यांच्या कडा कागद फाडल्यासारख्या असतात.

तुमचे पिल्लू याच क्रमाने पाहू. छाती आणि पायांचे पांढरे आधी बाजूला ठेवा; ती वेगळी खूण आहे आणि मर्लबरोबर सहज येते. उरलेल्या अंगावर राखाडीत काळे तुकडे आहेत. त्यांच्या कडा फाटक्या असतील तर ते मर्ल. भुवयांवरचे ठिपके तांबूसच राहिले आहेत, तेही याला धरूनच आहे, कारण मर्लचा परिणाम काळ्या आणि तपकिरी रंगद्रव्यावर होतो, तांबड्यावर जवळजवळ नाही. निळा डोळा मात्र पुरावा नव्हे. मर्लमध्ये तो येतो, पण मर्ल नसलेल्या हस्की कुत्र्यांतही येतो.

यावरून काय कळते? जात कळत नाही. कळते ते हे की पिल्लाकडे मर्लचे जनुक आहे. एकच प्रत असेल तर बहुतेक कुत्रे धडधाकट असतात. पण दोन मर्ल कुत्र्यांचे मीलन केले तर सरासरीने चारांतल्या एका पिल्लाला दोन्हीकडून प्रत मिळते. अशी दुहेरी मर्ल पिल्ले बरीचशी पांढरी असतात, आणि त्यांच्यात बहिरेपणा व डोळ्यांचे दोष, अगदी खूप लहान डोळेसुद्धा, कितीतरी अधिक आढळतात. आतल्या कानाला नीट काम करण्यासाठी रंगपेशींची गरज असते. त्या नसल्या की ऐकू येणे थांबते. प्रत्येक दुहेरी मर्ल बहिरा असतो असे नाही, पण जाणूनबुजून अशी जोडी लावणे मला क्रूरपणाचे वाटते. आणि असे पांढरे पिल्लू फोटोत ‘कबरे’ म्हणून खपून जाते, हीच माझी खरी काळजी आहे.

फोटोची मर्यादाही इथेच लागते. अंगभर तांबड्या किंवा पिवळसर कुत्र्यात मर्ल लपून राहते, कारण फिके पडायला काळे नसतेच. काहींच्या अंगावर राखाडीचा एखादाच छोटा तुकडा असतो. पिलावळ घ्यायची असेल तर गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर जनुकचाचणी करावी. ऐकू येते का हे टाळी वाजवून ठरवू नये : बहिऱ्या कुत्र्याला हवेचा झोत आणि जमिनीची थरथर जाणवते, आणि एकाच कानाने बहिरा असलेला कुत्रा टाळीकडे वळतोच. त्यासाठी पशुवैद्यांकडे बेअर नावाची चाचणी असते. तीत आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद प्रत्येक कानासाठी वेगळा मोजतात.

कडा फाटक्या निघाल्या तर त्या फोटोखाली मी असे लिहीन : ‘काळ्यावर मर्ल, भुवया तांबूस, छाती-पाय पांढरे, एक डोळा निळा’, आणि पुढे पिल्लाचे वय.