फोटोतला बूट: बनावट की नुसता सारखा?

प्रश्न: इंदूरच्या एका दुकानाच्या ऑनलाइन जाहिरातीत नामांकित कंपनीचे बूट मूळ भावाच्या तिसऱ्या हिश्श्यात दिसतात. चिन्ह जवळजवळ तसंच आहे. 'नकली माल विकतो' म्हणून दुकानाचं नाव टाकून लोकांना सावध करू का?

उत्तर: अजून नको. तुम्ही स्वतःच 'जवळजवळ' लिहिलंय, आणि सगळी गोम त्या शब्दात आहे.

मी इथे इंदूरला एका ट्रेडमार्क वकिलांच्या कार्यालयात बरीच वर्षं काम करते. लोक 'नकली' म्हणतात तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका पिशवीत टाकतात. एक बनावट माल, म्हणजे दुसऱ्याचंच नाव-चिन्ह त्याच्या परवानगीशिवाय लावलेला. दुसरा सारखा दिसणारा माल, ज्यावर विक्रेत्याचं स्वतःचं नाव असतं आणि फक्त ढंग उचललेला असतो.

आपल्या १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात 'बनावट माल' अशी सुटसुटीत व्याख्या नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात एका तळटीपेत ती सापडते: नोंदलेल्या चिन्हाशी हुबेहूब, किंवा मुख्य बाबींत त्यापासून ओळखता न येणारं चिन्ह, त्याच प्रकारच्या मालावर, परवानगी नसताना. आपल्याकडे कलम १०२ 'मालकाच्या संमतीशिवाय' ह्या शब्दांवर उभं आहे. संमती होती हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते. माल चांगला की वाईट, हा प्रश्न तिथे येतच नाही. त्याच कारखान्यात, त्याच साच्यातून काढलेला, पण कंपनीला न विचारता रात्रपाळीत जास्तीचा बनवलेला बूटही बनावटच. आता सांगा, संमती फोटोत कशी दिसणार?

सारख्या दिसणाऱ्या मालाचं गणित निराळं आहे. तिथे सवाल असतो गोंधळाचा: साधारण समजेचा गिऱ्हाईक, अर्धवट आठवणीवर, फसेल का? पारले कंपनीच्या १९७२च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. बिस्किटांच्या दोन वेष्टणांवर शेतघर, गाई-कोंबड्या आणि मुलगी होती, बारीकसारीक फरक होते, तरी न्यायालय म्हणालं की दोन्ही शेजारी ठेवून फरक मोजायचे नाहीत, एकूण छाप पाहायची. पारले जिंकली.

पण हीच कसोटी उलटही फिरते, आणि त्याचं उदाहरण आपल्याच गावचं आहे. 'ब्लेंडर्स प्राइड' व्हिस्की बनवणाऱ्या कंपनीने इंदूरच्या 'लंडन प्राइड' विरुद्ध दावा केला. इथल्या व्यावसायिक न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली, उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानेही नाकारली, आणि ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. नाव अख्खं बघायचं, त्यातला एक तुकडा काढून नाही. 'प्राइड' हा एकटा शब्द कंपनीच्या नावे नोंदलेला नव्हता. हा अंतरिम टप्प्याचा निकाल आहे हे खरं, पण एवढ्या मोठ्या कंपनीला, एवढे वकील लावून, तीन न्यायालयांत जे मिळालं नाही ते आपण मोबाइलवर अंगठा सरकवत ठरवून मोकळं व्हायचं?

आता तुमच्या बुटाकडे. आधी फोटोतलं नाव अक्षर-अक्षर वाचा. नाव वेगळं असेल, तर ते भारतीय ट्रेडमार्क नोंदणीच्या सार्वजनिक शोधात टाका (ipindia.gov.in वर मिळतो). पादत्राणांचा वर्ग २५. कधीकधी धक्का बसतो: ते 'कॉपी' वाटणारं नाव रीतसर नोंदलेलं निघतं. तसं असेल तर मूळ कंपनीलाही नुसता उल्लंघनाचा दावा सहज लावता येत नाही. ती नोंदणी रद्द करायला किंवा 'स्वतःचा माल आमचा म्हणून खपवतो' ह्या वेगळ्या दाव्याला जावं लागतं. अशा माणसाला तुम्ही चारचौघांत 'नकलीवाला' म्हणालात तर पुढचं पत्र तुम्हाला येईल.

नाव तेच असेल तर बनावट असण्याची शंका नक्कीच वाढते. पण इथेही फोटो दोन्हीकडून दगा देतो. दुकानदार पुष्कळदा कंपनीच्याच संकेतस्थळावरचा फोटो उचलतात, म्हणजे चित्र अस्सल आणि डब्यातला बूट बनावट. उलटही घडतं, आणि ते मी स्वतः भोगलंय. नवी होते तेव्हा एका गिऱ्हाईक कंपनीने दुकानाचे फोटो पाठवले. बुटाच्या जिभेवरचं चिन्ह चालू चिन्हापेक्षा जाडसर, शिलाई वेगळी, भाव निम्मा. मी मसुद्यात बेधडक 'बनावट' लिहिलं, नोटीस गेली. आठ दिवसांत दुकानदाराच्या वकिलाने अधिकृत वितरकाची बिलं समोर ठेवली. कंपनीने दोन वर्षांपूर्वी चिन्ह बदललं होतं, हा आधीचा पडून राहिलेला माल होता. विक्रीखात्याने ते कायदाखात्याला सांगितलंच नव्हतं. कायदेशीर मार्गाने विकत घेतलेला अस्सल माल पुढे विकायला कलम ३०ची मुभा आहे, मालाची अवस्था बिघडवलेली नसली म्हणजे झालं. वर त्यांनी निराधार धमकीसाठीचं कलम १४२ दाखवलं. आम्ही नोटीस मागे घेतली, माफीचं पत्र दिलं. त्यानंतर आमच्या साहेबांचा नियमच झाला: एक जोड विकत घेतल्याशिवाय आणि कंपनीच्या माणसाने तो हातात धरून लेखी दिल्याशिवाय 'बनावट' हा शब्द टंकायचा नाही.

पोलिसांनाही हा आवर आहे. कलम ११५नुसार वॉरंटविना जप्ती उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारीच करू शकतो, आणि त्यालाही आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. गुन्हा सिद्ध झाला तर किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. विकणाऱ्यालाही तेवढंच. फक्त त्याने सगळी काळजी घेतली होती, शंका यायचं कारण नव्हतं आणि माल कुणाकडून घेतला ते सांगितलं, असं दाखवलं तर तो सुटतो. म्हणजे माल खरोखर बनावट निघाला तरी तुमचा दुकानदार स्वतःच फसलेला असू शकतो.

तुमच्यावर येऊ शकतो तो बदनामीचा खटला, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. तिथे 'सत्य आणि लोकहित' हा बचाव आहे, पण सत्य तुम्हाला सिद्ध करावं लागतं. 'फोटोवरून तसं वाटलं' एवढ्यावर ते होत नाही.

तेव्हा दुकानदाराला साधं विचारा: भाऊ, बिल पक्कं देणार का, आणि डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो पाठवता का? बिल द्यायला का-कू करायला लागला, की खरेदी सोडून द्या आणि जाहिरातीचा दुवा, फोटो, तारीख आणि भाव कंपनीच्या तक्रार विभागाला पाठवा. संमती दिली होती की नाही हे त्यांनाच ठाऊक असतं. ओळखीच्यांना सांगायचंच असेल तर जे दिसलं तेवढंच सांगा: 'अमुक बूट अमुक भावात आहेत, बिल मागितलं तर दिलं नाही.' बिल मिळालं आणि तरी मनात कीड असेल, तर एक जोड घ्या, डबा-बिलासकट तसाच ठेवा, आणि तो कंपनीच्या दुकानात दाखवा.