प्रवर्तकांचे गहाण शेअर

प्रश्न: कंपनीवर नियंत्रण असलेल्या मुख्य भागधारकाने, म्हणजे प्रवर्तकाने, आपले शेअर गहाण ठेवून कर्ज घेतले, तर त्यात घाबरण्यासारखे काय?

उत्तर: धोका तारणाच्या बदलत्या किमतीत आहे. समजा, २०० कोटींचे शेअर गहाण ठेवून १०० कोटींचे कर्ज घेतले आणि तारण कायम कर्जाच्या दुप्पट असावे, अशी अट आहे. भाव ३० टक्के पडला, की तारण १४० कोटींवर येते. मग प्रवर्तकाला आणखी ६० कोटींचे शेअर द्यावे लागतात किंवा ३० कोटी रोख फेडावे लागतात. ज्याने जवळजवळ सगळा हिस्सा आधीच गहाण टाकला आहे, त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही, आणि सावकार शेअर बाजारात विकू लागला की भाव आणखी कोसळून उरलेले तारणही अपुरे पडते. म्हणूनच तिमाही भागधारणा तक्त्यात प्रवर्तकांच्या हिश्शापैकी गहाण टक्केवारी वाढते आहे का, हे मी आधी पाहतो.