मंदी सरते, बेरोजगारी का उरते?

"मंदी संपली, कंपन्यांची भरती सुरू झाली, तरी बेरोजगारी आधीच्या पातळीवर का येत नाही? नैसर्गिक दरच वाढतो म्हणतात, ते कसं?"

नागपुरात हिंगणा एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपची भरती मी बघतो, म्हणून तिथूनच सांगतो.

2020 मध्ये माझ्या मावसभावाचं सीएनसीवरचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचं काम गेलं. पुढची अडीच वर्षं त्याने पार्सलं पोहोचवली. परत मशीनवर आला तेव्हा ड्रॉइंग वाचता येत होतं, मायक्रोमीटरही हातात बसत होता. पण टूल ऑफसेट टाकताना 0.05 च्या जागी 0.5 टाकलं आणि जॉब भंगारात गेला. तीन आठवडे त्याच्या बाजूला एक जुना ऑपरेटर उभा ठेवावा लागला. हा खर्च ठाऊक असल्यामुळे बहुतेक फोरमन असा अर्ज आधीच बाजूला ठेवतात.

आता समजण्यापुरते आकडे घ्या. परिसरात 100 ऑपरेटर आहेत. मंदीआधी 5 जण रिकामे असायचे. जागा निघाली की त्यांच्यातलाच कुणी मिळायचा, त्यामुळे पगार चढत नव्हते; आकडा 5 च्या खाली गेला की चढायचे. हा 5 टक्के म्हणजे नैसर्गिक दर. मंदीत रिकामे झाले 12. त्यातले 4 दोन वर्षांहून जास्त घरी बसलेले, त्यांना कुणी बोलावत नाही. भरती सुरू होऊन आकडा 9 वर आला की बोलावण्याजोगे 5 च उरतात. आकडा त्याखाली गेला की कंपन्या एकमेकींची माणसं पळवू लागतात, पगार चढतात, त्यामागून किमती. म्हणजे पूर्वी 5 च्या खाली जे व्हायचं ते आता 9 च्या खालीच होतं. रिकाम्या जागा आणि रिकामी माणसं एकाच वेळी जास्त दिसू लागली, की हे घडतंय असं समजावं.

लोखंडावरचं चुंबकीय क्षेत्र काढलं तरी थोडं चुंबकत्व मागे उरतं, त्याला हिस्टेरेसिस म्हणतात. ब्लँचर्ड आणि समर्स या अर्थतज्ज्ञांनी 1986 मध्ये युरोपातल्या बेरोजगारीसाठी हाच शब्द वापरला. त्यांचा भर मात्र कौशल्यापेक्षा, नोकरीत टिकलेले लोक स्वतःपुरता पगार ठरवून घेतात यावर जास्त होता.

सगळा दोष कौशल्याचाही नाही. अमेरिकेत संशोधकांनी बाकी सारखेच, फक्त बेकारीचा काळ वेगळा, असे बनावट अर्ज कंपन्यांना पाठवून पाहिले. पहिल्या आठ महिन्यांतच बोलावणी बरीच घटली. तिथे हात बसलेला की सुटलेला, हे कुणी तपासलंच नव्हतं.

हा नैसर्गिक दर कायमचा चढतो असंही मानू नका. अमेरिकेत बेरोजगारी ऑक्टोबर 2009 मध्ये 10 टक्के होती, ती 2019 मध्ये 3.5 वर आली आणि महागाई भडकली नाही. मागणी बरीच वर्षं टिकली, तेव्हा कंपन्यांनी बाजूला ठेवलेले अर्जही उघडले. आपल्या उदाहरणात 9 वरच महागाईला घाबरून व्याजदर चढवले असते तर ते 4 जण बाहेरच राहिले असते.

आपल्याकडे हे मोजणं अवघड आहे. माझा भाऊ पार्सलं वाटत होता, म्हणजे सरकारी मोजणीत तो कामावरच होता. हात मात्र सुटतच होता.