‘प्रगती स्पष्ट होत नाही’: एका अहवालाची फेरमांडणी

‘‘शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनीवर माझी पीएच.डी. चालू आहे. सल्लागार समितीने वार्षिक अहवाल परत पाठवला, वर शेरा ‘प्रगती स्पष्ट होत नाही’. वर्षभर राबले आहे हो मी! पण जे राहिलं ते उघड लिहिलं तर नोंदणीच धोक्यात येईल, अशी भीती वाटते. काय लिहू आणि काय झाकू?’’

कोल्हापुरात समुपदेशनाला आलेल्या या विद्यार्थिनीने सोबत नऊ पानांचा अहवाल आणला होता. पहिली चार पाने क्षारपड जमिनीच्या परिचयाची, म्हणजे मूळ आराखड्यातलीच. मग कार्यशाळांची यादी. प्रत्यक्ष कामाबद्दल दोन वाक्ये: ‘नमुने गोळा करण्याचे काम ७०% पूर्ण झाले आहे. पूर व काही तांत्रिक अडचणींमुळे विश्लेषणास थोडा विलंब झाला.’ समितीला अडचण नेमकी या दोन वाक्यांची होती. ७०% कशाचे? थोडा म्हणजे किती?

झाकण्याचा विषय आधीच संपवलेला बरा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार विद्यार्थ्याला दर सत्रात समितीपुढे उभे राहावे लागते. प्रगती असमाधानकारक वाटली तर समिती कारणे नोंदवून सुधारणा सुचवते, आणि त्या सुधारणाही अमलात आल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस होऊ शकते. म्हणजे मागे पडल्याची नोंद झाली की लगेच नोंदणी जाते, असे नाही. झाकलेली गोष्ट मात्र पुढच्या सत्रात वर येतेच, आणि तेव्हा तिच्यासोबत मागच्या अहवालाची प्रतही समोर असते.

पहिले काम अहवालाचे नव्हतेच, प्रयोगवहीचे होते. आराखड्यात ६० प्लॉट होते आणि प्रत्येकातून दोनदा माती घ्यायची होती, मे महिन्यात पावसाळ्याआधी आणि नोव्हेंबरमध्ये पावसाळ्यानंतर. ‘पूर्ण’ कशाला म्हणायचे, हे तिने कुठेच ठरवले नव्हते. नमुना पिशवीत आला की तिच्या लेखी तो पूर्ण. म्हणून कामाचे तीन टप्पे वेगळे केले: माती आणली, सामू आणि विद्युत वाहकता मोजली, सोडियम आणि धनायन विनिमय क्षमता काढली. वहीतून आकडे उतरवले तेव्हा मे महिन्याचे चित्र ६०, ६०, २२ असे निघाले आणि नोव्हेंबरचे ४१, ४१, ०.

तिसरा आकडा पाहून ती गप्पच झाली. पण सगळे अडते ते त्याच आकड्यावर. धनायन विनिमय क्षमतेत विनिमययोग्य सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, धरतात. नुसती वाहकता कळली तर जमिनीत क्षार आहेत एवढे कळते, चोपण आहे का ते कळत नाही. हे समितीतल्या मृदाशास्त्रज्ञाला माहीत असतेच, त्यामुळे त्याची नजर आधी तिसऱ्या रकान्यावर जाते. नव्या अहवालाच्या पहिल्या पानावर हाच सहा आकड्यांचा तक्ता आला आणि शेजारच्या रकान्यात प्रयोगवहीचे पान क्रमांक. परिचयाची चार पाने गेली, कार्यशाळा शेवटी एका ओळीत आल्या.

यापुढचा भाग खरा नाजूक. सगळ्या विलंबाला तिने एकच नाव दिले होते, ‘अडचणी’. उलगडून पाहिल्यावर त्यात तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

सोडियम मोजणारा फ्लेम फोटोमीटर ५ सप्टेंबर ते १२ नोव्हेंबर बंद होता. हा विलंब भरून निघणारा आहे, कारण वाळवून, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढून ठेवलेल्या मातीतले सोडियम नंतरही मोजता येते. ‘विभागाने यंत्र दुरुस्त केले नाही’ हे तिचे वाक्य काढले आणि बंद पडल्याची तारीख, दुरुस्तीच्या अर्जाची तारीख, सुरू झाल्याची तारीख एवढेच ठेवले. तारखा वाचून ज्याला जे समजायचे ते समजते.

पण यंत्र जून, जुलै, ऑगस्टमध्ये चालू होते. मग ६० पैकी २२ च का? उत्तर साधे होते. जून-जुलैत ती तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि प्रयोगशाळेत फिरकली नव्हती. हे लिहायला ती तयार नव्हती. यंत्राच्या तारखा दिल्या की हा प्रश्न समितीतून येणारच, म्हणून एक वाक्य घातले: ‘जून-जुलैमध्ये अध्यापनामुळे विश्लेषण झाले नाही, या वर्षी त्या काळात आठवड्याचे तीन दिवस प्रयोगशाळेसाठी राखले आहेत.’ पुढे स्पष्टीकरण नाही, दिलगिरीही नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महाग. नोव्हेंबरमध्ये १९ प्लॉटमधून माती मिळाली नाही. त्यांपैकी सात प्लॉटमध्ये शेतकऱ्यांनी मधल्या काळात जिप्सम टाकले होते. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला हटवते, त्यामुळे हे प्लॉट तुलनेतून कायमचे बाद. उरलेले १२ नदीकाठचे, सखल. कृष्णा-पंचगंगेचे पाणी ओसरूनही तिथे डिसेंबरपर्यंत वाफसा आला नव्हता. नोव्हेंबर चुकला की काम महिनाभर नाही, वर्षभर पुढे जाते. शिवाय पाणी तुंबणारी सखल जमीन हीच बहुधा जास्त खारवलेली असते. हे १२ वगळून ४१ प्लॉटवर निष्कर्ष काढला तर तालुक्यातली जमीन आहे त्यापेक्षा बरी दिसेल. मूळ अहवालात ‘१९ नमुने बाकी’ एवढेच होते. नव्यात सात आणि १२ वेगळे केले आणि १२ का सोडता येत नाहीत ते दोन ओळींत सांगितले.

पुढच्या वर्षाच्या योजनेत तिने ‘उर्वरित विश्लेषण : एक महिना’ लिहिले होते. वहीप्रमाणे २२ नमुन्यांना दोन आठवडे लागले होते, म्हणजे आठवड्याला ११. बाकी ३८ अधिक ४१, एकूण ७९. सरळ भागाकाराने सात आठवड्यांहून थोडे जास्त, आणि दर दहावा नमुना पुन्हा तपासायचा तर आठ. यंत्राचा इतिहास पाहता दहा धरले, फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. मेमध्ये पहिली फेरी, पावसाळ्यात मेची माती तपासणे आणि पहिले प्रकरण लिहिणे, नोव्हेंबरमध्ये दुसरी फेरी. सखल प्लॉट शेवटी घ्यायचे आणि शेतकऱ्याला आधी फोन करून वाफसा आला का ते विचारायचे.

फेरी किती प्लॉटवर करायची हा निर्णय मात्र तिचा एकटीचा नव्हता, म्हणून तो समितीपुढेच ठेवला. एक पर्याय, उरलेले सगळे ५३ प्लॉट दोन्ही वेळा: १०६ नमुने, सुमारे दहा आठवडे. दुसरा, राहिलेले १२ आणि ताडून पाहायला आधीच्या ४१ मधले १२: ४८ नमुने, जेमतेम पाच आठवडे. दोन वर्षांचा पाऊस सारखा नसतो, म्हणून नुसते १२ घेऊन चालत नाही. तिचा कल दुसऱ्याकडे होता आणि तसे तिने लिहिले. १५ डिसेंबरपर्यंत १२ पैकी नऊपेक्षा कमी प्लॉट हाती आले तर सखल जमिनीचा निष्कर्ष प्रबंधात स्वतंत्र न मांडता मर्यादा म्हणून नोंदवायचा, हेही त्यात आले.

अहवाल अडीच पानांचा झाला. मार्गदर्शकांना जून-जुलैचे वाक्य खटकले, ‘हे कशाला?’ म्हणाले. यंत्राच्या तारखा शेजारी ठेवून दाखवल्यावर त्यांनी सही केली. समितीने दुसरा पर्याय मान्य केला, आणि ताडून पाहायचे १२ प्लॉट एकाच गावातले नकोत, एवढी सूचना इतिवृत्तात घातली.